टाकीकडे तोंड करून बसलेला बाण

वाडीचं पाणी मी बंद केलं.

तेही काही मोडून-तोडून नव्हे. जुना गळका व्हॉल्व्ह काढून त्याच्या जागी कोरा करकरीत व्हॉल्व्ह बसवला, आणि पाणी बंद केलं. मोडून बंद करायला अक्कल लागत नाही, दुरुस्त करून बंद करायला डिग्री लागते. ती माझ्याकडे होती.

मी तेव्हा केजकडच्या एका पाणीयोजनेवर नवाच कनिष्ठ अभियंता होतो. माळावर टाकी आणि माळाखाली वाडी. वाडीत बहुतेक घरं जनावरांवर जगणारी. माणसांआधी म्हशींना पाणी. पंपाची पाइपलाइन टाकीच्या पायथ्याशी यायची. तिथून एक फाटा सरळ वर चढून टाकीच्या तोंडातून आत पडायचा, दुसरा खाली वाडीला जायचा. टाकीच्या बुडातून एक आखूड पाइप निघून याच लाइनला मिळायचा. लाइट असली की पंप चालायचा, टाकी भरायची, वाडीलाही थेट पाणी जायचं. लाइट गेली की टाकीतलं पाणी त्या आखूड पाइपातून आपल्या वजनानं वाडीला उतरायचं. आणि लाइट जाणं ही आमच्याकडे अडचण नसते, वेळापत्रक असतं.

त्या आखूड पाइपावर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात वरून टांगलेली लोखंडी चकती असते. एका बाजूनं पाणी आलं की ती ढकलली जाते, वाट मोकळी. दुसऱ्या बाजूनं आलं की ती तोंडावर दाबून बसते, वाट बंद. कुठून कुठं जायचं, त्याचा बाण व्हॉल्व्हच्या अंगावरच ओतलेला असतो. जुन्या व्हॉल्व्हवरचा बाण गंजानं खाल्ला होता, आतली चकती तर कधीच गळून पडली होती. म्हणजे तो व्हॉल्व्ह राहिलाच नव्हता, पाइपाचा तुकडा झाला होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पाणी सुखानं जात-येत होतं.

"सायेब, ह्याचं तोंड कुनीकडं करू?" फिटरनं विचारलं.

मी बॅगेतून योजनेची आकृती काढली. झेरॉक्सची झेरॉक्स, कडा फाटलेल्या. पण आकृती उलगडताना माझी मान आपोआप ताठ व्हायची. बोट ठेवून म्हणालो, "हा बघ बाण. टाकीकडं."

"टाकीकडं तर टाकीकडं," तो म्हणाला आणि त्यानं नट आवळले.

दुसऱ्या दिवसापासून वाडी कोरडी. लाइट असेल तेवढा घटकाभर नळाला पाणी, लाइट गेली की नळ ठणठणीत. टाकी मात्र काठोकाठ भरलेली.

मी कामाला लागलो. आधी म्हणालो, लाइनीत हवा अडकली. सगळे एअर व्हॉल्व्ह उघडत वाडीपर्यंत चालत गेलो. मग म्हणालो, कचरा अडकला. दोन ठिकाणी खोदलं. काहीच सापडेना तेव्हा वाडीतल्या पारावर उभं राहून पाणीचोरीवर भाषण दिलं. नळाला मोटारी लावता, मग खालच्याला पाणी कसं मिळणार, वगैरे. बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मला वाटलं, खजील झाल्यात. हसत होत्या.

भाषण संपल्यावर एक काकू पुढं आल्या. त्यांच्या दारात दोन म्हशी, त्यातली एक दिवस भरलेली.

"सायेब, उद्या केजला बाजार हाय. टेम्पो सांगितलाय. दोन्ही म्हशी घालवते."

"कावून हो काकू?" मीही त्यांच्याच बोलीत शिरलो.

"कावून म्हंजी? हिरीवरनं किती हांडे आनू? गाभणी म्हस ती, पान्याबिगर राहती व्हय? डोळ्यांदेखत वाळवन्यापरीस दुसऱ्याच्या दावणीला बरी." त्या म्हशीच्या पाठीवर हात फिरवत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. बाजू लंगडी पडली की माणूस मोठ्यानं समजावून सांगायला लागतो. मी आकृती गोठ्याच्या ओट्यावर पसरली. "बघा काकू. हा पंप. पाणी असं आलं. इथून वर चढलं, टाकीत पडलं. टाकी भरली. आता लाइट गेली. मग टाकीतलं पाणी खाली असं..."

माझं बोट आखूड पाइपावर आलं आणि थांबलं. समोरून बाण अंगावर येत होता.

वरच्या फाट्यावरचा बाण टाकीत जाणारा. बुडाच्या पाइपावरचा बाणही टाकीत जाणारा. या कागदाप्रमाणे टाकीत शिरायच्या वाटा दोन आणि बाहेर पडायची एकही नाही. कुणीतरी कधीतरी आकृती परत काढताना एक बाण फिरवला होता, आणि इतकी वर्षं त्याचं काही बिघडलं नव्हतं, कारण चकतीच नव्हती. चकती मी आणून बसवली. आता टाकीतलं पाणी जितक्या जोरानं खाली यायला बघत होतं, तितकं ते दार घट्ट लावून घेत होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच डोक्यात आली. फार पूर्वी, जुनी चकती शाबूत असताना, टाकी भरताना वरून पाणी पडल्याचा आवाज यायचा, असं वाडीतले म्हणत. ती चकती गळाल्यापासून टाकी मुकाट भरत होती, नव्या व्हॉल्व्हनंतरही. बरोबर होतं. बुडाची वाट उलटी उघडल्यावर पाणी वर चढायचे कष्ट कशाला घेईल?

"काय झालं? दातखीळ बसली का?" काकू म्हणाल्या.

"काकू, टेम्पोवाल्याला उद्या दुपारी बोलवा. सकाळी नको."

सकाळी फिटरला घेऊन माळावर गेलो. खात्री करून घ्यायची म्हणून पंप बंद ठेवला आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट थोडे ढिले केले. टाकीच्या बाजूनं चिळकांडी थेट माझ्या शर्टावर. वाडीच्या बाजूनं थेंब नाही. पाणी दारापर्यंत येऊन उभं होतं. मग टाकीजवळचा चाकाचा व्हॉल्व्ह फिरवून वाट अडवली, सगळे बोल्ट काढले, व्हॉल्व्ह उचलून तोंड वाडीकडे केलं, झाकण वरच राहू दिलं, नाहीतर चकती टांगणार कशी? नवे रबर घातले, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले.

"त्या दिशी टाकीकडं, आज वाडीकडं," फिटर म्हणाला. "उद्या कुनीकडं हाय, आजच सांगा. पाना घरी नेत न्हाई."

चाक सावकाश उघडलं. आत खट्ट असा आवाज झाला. मी माळ उतरून वाडीकडे जवळजवळ पळतच सुटलो. काकूंच्या दारातला नळ आधी फुसफुसला, खोकला, मग लाल पाणी ओकला आणि शेवटी नितळ धार लागली. लाइट नव्हती. दारात टेम्पो उभा होता. ड्रायव्हर फाळका पाडून वाट बघत होता. काकूंनी बादली भरली, गाभण म्हशीपुढं ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "जा बाबा तू. आमी न्हाई इकत."

पंप सुरू झाल्यावर माळावरून धो धो आवाज आला. वरच्या फाट्यानं पाणी टाकीत पडत होतं. मी खिशातून लाल पेन काढला, ओट्यावर आकृती पसरली, तो बाण खोडून उलटा काढला आणि खाली झोकात सही ठोकली.

"चूक सापडली, काकू. आता वाडीला पाणी कायमचं!"

त्यांनी दुसरी बादली नळाखाली लावली.

"उगं छाती काढू नका, सायेब. तुमी यायच्या आदी बी येतच होतं की पानी."