उजवीकडचा नंबर आधी

मी महाडच्या उर्दू शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. चौथीच्या मुलींना उर्दूच्या ओळीत इंग्रजी शब्द कसा बसवायचा हे शिकवणं माझ्याकडे असे. आमच्याकडे निम्म्या घरांतली माणसं बोटीवर, त्यामुळे पत्रात बोटीचं, बंदराचं नाव यायचंच. ओळ उजवीकडून चालते, इंग्रजी डावीकडून. म्हणून आधी शब्दापुरती जागा बोटाने मोजायची, कलम उचलून तेवढी डावीकडे न्यायची, तिथून उजवीकडे शब्द लिहीत यायचं आणि पुन्हा शब्दाच्या डाव्या अंगाला जाऊन पुढची उर्दू धरायची. जागा कमी मोजली की शेवटची अक्षरं मागच्या शब्दावर चढतात. आकडेही डावीकडूनच लिहायचे, उर्दू आकडेसुद्धा. मुली आठ दिवसांत शिकत.

एके दिवशी मधल्या सुट्टीत दासगावची एक बाई पत्र घेऊन आली. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. विलायतेतल्या एका बंदरात त्याला दवाखान्यात उतरवलं होतं. पाय सडला होता. त्याने दुसऱ्या खलाशाकडून लिहून घेतलं होतं: डॉक्टर घोट्यापासून कापू म्हणतात, तू हो म्हटल्याशिवाय मी कापू देणार नाही. तार कर. माझा दवाखान्यातला नंबर घातल्याशिवाय करू नको, माझ्या नावाची इथे चार माणसं आहेत, मागचं पत्र भलत्याला गेलं.

तिने होकार घरीच ठरवून आणला होता. "पाय गेला तर गेला, मानूस येऊ दे," एवढंच म्हणाली.

पत्र लिहिणारा हुशार होता. दवाखान्याचं आणि बोटीचं इंग्रजी नाव त्याने ओळीत नीट बसवलं होतं, एक अक्षर कुठे चढलेलं नव्हतं. नंबर मात्र उर्दू आकड्यांत, दोन तुकड्यांचा. उजवीकडे ६३२, डावीकडे ४७, मध्ये नुसती मोकळी जागा.

आम्ही दोघी टपाल कचेरीत गेलो. पोस्टमास्तरांनी फॉर्म पुढे ओढला आणि नंबर विचारला. मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले. प्रत्येक आकडा कसा वाचायचा यात शंका नव्हती. पण तुकड्यांत आधी कुठला? त्याने ओळीबरोबर उजवीकडून लिहिलं असेल, तर ६३२ आधी. दवाखान्याच्या कार्डावरून अख्खा नंबर इंग्रजी नावासारखा जसाच्या तसा उतरवला असेल, तर ४७ आधी. दोन्ही रीतींनी कागदावर तेच दिसणार. सगळं पत्र मी पुन्हा चाळलं. दुसरा असा जोडनंबर कुठे नव्हता. मी अडचण दोघांना सांगितली.

पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, तुमची गाडी मध्येच उलटी का फिरते? आमच्यासारखी सरळ हाका की."

मी म्हटलं, दोन तारा करू, एक अशी, एक तशी. दासगावच्या बाईने विचारलं,

"दुसरी तार जाईल कोनाकडं?"

"त्या नंबरचा कोणी असला तर त्याच्याकडे."

"त्याचा बी पाय दुखत असंल तर? मी कोन त्याची, पाय काप सांगनारी? नाय गो बाई. एकच कर."

मी गावाचं नाव घालू म्हटलं. पोस्टमास्तरांनी मान हलवली. दासगाव तिथे कुणाला ठाऊक, ते नंबरच बघणार.

"तू लिवलं असतंस तर कसं?" तिने विचारलं.

"उजवीकडचा आधी."

"मग तसं."

तार गेली. उत्तराची तार शाळेच्या पत्त्यावर मागवली होती. त्यानंतर ती दर बाजारच्या दिवशी शाळेच्या दारात येऊन उभी राहायची. मी मान हलवायची, ती निघून जायची. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पुन्हा तार करायची तरी कुठल्या नंबरावर?

पत्र आलं ते पावणेदोन महिन्यांनी, त्याच खलाशाच्या हातचं. तार मिळाली नाही. दहा दिवस वाट बघितली, मग ताप चढला, आणि शुद्ध नसताना गुडघ्याच्या वरून कापला. सोबत दवाखान्याच्या कार्डाचा फाटका तुकडा होता. त्यावर छापील इंग्रजीत: ४७ ६३२.

मी तो तिला दाखवला आणि चूक माझी आहे हे सरळ सांगितलं. तिने तुकडा हातात फिरवून बघितला. तिला दोन्ही भाषा सारख्याच.

"जिता हाय ना?"

"आहे."

"मग उत्तर लिव."

मी पाकिटावर ४७ आधी लिहिला. पत्र संपवताना तिने आणखी एक वाक्य घालायला लावलं: आमची तार मिळालेला दुसरा कोणी तिथे असेल तर त्याचा पाय बरा आहे का, ते कळव. मी उर्दूत लिहून दिलं.

त्याचं उत्तर आलं नाही. नवरा वर्षभराने कुबड्या घेऊन घरी आला, तेव्हा तिने त्यालाही विचारलं. त्याला काही ठाऊक नव्हतं.