खिडकीमागची आठवण

त्या हिवाळ्यात मी नॉर्थ यॉर्कच्या एका ऑफिसात हेल्पडेस्कला होते. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचा पासवर्ड हरवला, की मला बोलावणं यायचं. माझा स्वभाव मुळातच हट्टी. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तिचा निकाल लावल्याशिवाय जेवण गोड लागत नाही.

अकाउंट्समध्ये वसईच्या एक ताई नव्यानेच लागल्या होत्या. पन्नाशीच्या, कामाला चोख. त्यांचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि तेवढ्यात त्यांच्या दोन मीटिंग चुकल्या. मॅनेजरने सांगून टाकलं, आणखी एक चुकली तर कन्फर्म करणं कठीण आहे. ताईंना नोकरीची काळजी होतीच, पण खरी भीती वेगळी होती. लंचरूममध्ये डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "बाय, माझ्या आईला याच वयात विसर पडायला लागला होता. शेवटी मला ओळखत नव्हती. मी फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीये."

"पण ताई, कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावता ना तुम्ही?"

"लावते तर. तेच तर. मीटिंगची वेळ होऊन गेल्यावर मेल उघडली की तो रिमाइंडर समोर असतो, एवढी मिनिटं ओव्हरड्यू म्हणून. म्हणजे आधी आला असणार, मी बघितला असणार, आणि विसरले."

मला राग आला. ताईंचा नव्हे, त्या 'असणार'चा. न बघितलेल्या गोष्टीवरून बाई स्वतःला आजारी ठरवून बसली होती. म्हटलं, आता छडा लावायचाच.

दुपारी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी एका मेलला उत्तर पाठवलं आणि लगेच कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून मेलचा प्रोग्राम बंद केला. विचारलं तर म्हणाल्या, वसईला त्यांच्या ऑफिसात तिघींत एकच कॉम्प्युटर होता. आपलं काम झालं की आपली मेल बंद करून उठायचं, नाहीतर दुसरीला आपली पत्रं दिसणार. इतक्या वर्षांची शिस्त, इथे स्वतःचा कॉम्प्युटर मिळाला तरी सुटली नव्हती.

आमच्याकडचा मेलचा प्रोग्राम जुन्या वळणाचा. तो चालू असेल तरच रिमाइंडर देतो. बंद असेल तर गप्प, आणि पुन्हा उघडला की राहिलेले सगळे रिमाइंडर एकदम पुढे करतो. ताईंना दिसायचा तो हा उशिराचा, पहिल्यांदाच आलेला.

"बंद करू नका, फक्त मिनिमाइझ करा," असं सांगून मी ऐटीत परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम एक खोटा रिमाइंडर लावून पाहिला. तो दिसला नाही की वाजला नाही. त्यांचा चेहरा इतका पडला की मला माझीच लाज वाटली. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी.

पुन्हा बसले. आता अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर स्क्रीनभर पसरलेलं असताना मी ते बाजूला सारलं, तर रिमाइंडरची छोटी खिडकी त्याच्या मागे उभी. बिचारी आली होती, पण पुढे येण्याची परवानगी नव्हती. सेटिंग्जमध्ये रिमाइंडर इतर खिडक्यांच्या वर दाखवण्याची टिकच नव्हती. आणि आवाज? तो जात होता हेडसेटमध्ये, आणि हेडसेट ड्रॉवरमध्ये. टिक केली, आवाज स्पीकरवर वळवला. ताईंना म्हटलं, सकाळी आल्या आल्या आधी मेल उघडायची, आणि घरी जाईपर्यंत फुलीला हात लावायचा नाही.

एवढ्यावर थांबणार नव्हते. मॅनेजरला गाठलं आणि ताईंच्या टेबलाशी उभं केलं. माणूस विनिपेगचा, मितभाषी. त्याच्यासमोर दोन रिमाइंडर लावले. पहिल्याच्या वेळी प्रोग्राम बंद ठेवला. वेळ टळून गेली, काही झालं नाही. मग प्रोग्राम उघडला, तशी 'ओव्हरड्यू' म्हणत खिडकी आली. दुसऱ्याच्या वेळी तो फक्त मिनिमाइझ केला आणि अकाउंटिंग स्क्रीनभर ठेवलं. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत उभे. टिंग वाजलं आणि खिडकी सगळ्यांच्या वर येऊन बसली.

मॅनेजर म्हणाला, चूक ट्रेनिंगची आहे, हे कुणीतरी त्यांना पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या दोन मीटिंग तो धरणार नव्हता. मला जिंकल्यासारखं झालं. मी ताईंकडे वळले, तर त्यांचं त्याच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी फोन काढून नवऱ्याला लावला होता.

"अरे, ऐक," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी विसरले नव्हते. मला कुणी सांगितलंच नव्हतं."