तिनं विचारावं, मी रंगवावं

मी सातवी नापास. बायको दहावी पास. म्हणून आमच्या घरात फोन ती उचलायची आणि ब्रश मी. असं वाटून घेतलं नव्हतं कोणी, आपोआप झालं. आता ती नाही. फोन आहे, ब्रशही आहेत.

मी पाट्या रंगवायचो. दुकानाची पाटी, शाळेची भिंत, दवाखान्याचं दार, जे सांगाल ते. कोणाच्या नोकरीत नाही, कोणाचा हप्ता नाही. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा आम्ही तिथं पुरानी बस्तीत राहत होतो. एकाएकी ज्याला त्याला पाटी हवी झाली. काल जो किराणा विकत होता तो आज एजन्सी झाला. रिकाम्या घरांत ऑफिसं आली. गल्लीतले लोक म्हणायचे, आता तुझे दिवस आले. दिवस आले ते तिच्यामुळे आले. मी फक्त अक्षरं काढत होतो.

फोन वाजला की ती आधी हात पुसायची. मग खिळ्याला टांगलेल्या जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडायची, पाठ कोरी असलेलं, आणि पेन्सिल घेऊन बसायची. तोवर फोन चार-पाचदा वाजायचा. मी ओरडायचो, "अवं, ठेवून देईल तो!" ती म्हणायची, "ज्याले काम आहे तो नाही ठेवत."

गोलबाजारातल्या एका भांडीवाल्याचा फोन मला अजून शब्दन् शब्द आठवतो. त्याने पहिल्याच वाक्यात विचारलं, "दीदी, आठ फुट के बोर्ड का रेट बता दो बस."

"बताएंगे भैया. पहले ये बताइए, बोर्ड काहून पाहिजे?" घाईत ती मधेच मराठीवर यायची. "मतलब, अभी क्यों? दुकान तो पुरानी है ना आपकी?"

तो बोलत सुटला. शेजारी नवीन दुकान आलं, लोक चुकून तिकडे जातात. म्हणजे त्याला पाटी नको होती, त्याला गिऱ्हाईक परत पाहिजे होतं. आठ फुटी लांब पाटी समोरच्या ताडपत्रीमागे दिसलीच नसती. त्याला रस्त्याकडे काटकोनात काढलेली लहान पाटी हवी होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तिच्या विचारण्यातून निघालं.

मग पुढचे सवाल. लिहायचं काय, ते कोण ठरवणार? ठरवल्यावर हो म्हणणारा माणूस एकच की घरात आणखी कोणी? कधीपर्यंत पाहिजे, आणि त्या तारखेला काय आहे? पत्र्यावर की भिंतीवर, भिंत ओली तर नाही? आधी कोणाकडून करून घेतलं होतं? तो का नाही आला या वेळी? शेवटी, न लाजता, "भैया, सोचकर कितना रखा है इसके लिए?"

सवाल विचारला की ती गप्प बसायची. पलीकडून काही येत नसेल तरी गप्पच. मी मोजायचो मनात, सात, आठ, नऊ. मला घाम फुटायचा. तिला काही नाही. पेन्सिल कागदावर टेकवून बसायची, आणि मग तो माणूस खरं सांगायचा.

"पोलीस ठाण्यातली बाई आहेस तू," मी म्हणायचो.

"अन् तुमी? डॉक्टर असते तर दारातूनच सुई मारली असती पेशंटले. पहिले कुठं दुखते ते तं विचारा."

रेट ती फोनवर कधीच सांगत नसे. कितीही रेटलं तरी, "भिंत देखे बिना झूठ बोलूं क्या?" असं म्हणून हसायची. दुसऱ्या दिवशी मी सायकलने जाऊन भिंत पाहायचो, नखाने चुना खरवडायचो, शिडी लागेल की मचाण बांधावं लागेल ते सांगायचो. मग ती कागद लिहायची. त्यात काय करणार ते, काय नाही करणार ते, रंग कोणाचा, मजकूर एकदा पास झाल्यावर बदलला तर त्याचे वेगळे, हा भाव पंधरा दिवस, अर्धे आधी. आणि दोन रकमा. एक पूर्ण कामाची, एक कमी कामाची. "एकच आकडा दिला तर माणूस हो-नाही करते," ती म्हणायची. "दोन दिले तर कोणतं घेऊ, हे पाहते."

कोणाला नाही म्हणायचं हे तिला फोनवरच कळायचं. 'छोटा सा काम है' म्हणणारा. 'आधी एक फुकट करून दाखवा, पुढे खूप काम देऊ' म्हणणारा. आधीच्या सगळ्या पेंटरांना चोर म्हणणारा. "आज याले शिव्या देऊन राहिला," ती म्हणायची, "उद्या तुमाले देईल." अशाला ती गोड आवाजात सांगायची, "हमसे नहीं जमेगा भैया."

यावरून आमचं एकदा मोठं भांडण झालं. एका मोठ्या शाळेचं काम तिनं असंच फोनवर सोडलं. नवी शाळा, चार मजले, सगळ्या भिंती. मी घरी आलो आणि ऐकून डोकं फिरलं माझं. "गिऱ्हाईक पळवून राहिली तू! तुझ्या सवालांनी भीक मागाची पाळी येईल!" खूप बोललो. तिनं एवढंच म्हटलं, "कागद लिहून ठेवला आहे. वाचा."

मी वाचला नाही. तिचं अक्षर बारीक होतं आणि मला वाचायला वेळ लागतो. तिच्यासमोर बोट ठेवून वाचायची लाज वाटली. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोसमोर! मूर्ख माणूस मी.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. चार दिवसांचा ताप. त्यावर मला काही लिहायचं नाही.

तेरवी झाली. आमची पोट्टी भिलाईला सासरी परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, फोन आप मत उठाओ. मुझे नंबर दे दिया करो, मैं बात कर लूंगी." मी म्हटलं, "काहून? मी काय मुका आहे?" खरं म्हणजे घरात दुसरं काही उरलं नव्हतं. पाट्यांचं काम चालू राहिलं तर मी आहे, नाही तर मी कोण? रिकाम्या खोलीतला एक म्हातारा. ते काम मला कसंही करून धरून ठेवायचं होतं.

महिनाभर फोन वाजला नाही. मग एका सकाळी वाजला. मी हात पुसले. कॅलेंडरचं पान फाडलं. सगळं तिच्यासारखं केलं.

"दीदी हैं क्या?" पलीकडून माणूस म्हणाला. "स्कूल की पेंटिंग है. पहले भी बात हुई थी उनसे."

मला बरं वाटलं. तिला ओळखतो म्हणजे चांगला असेल. शाळांचे फोन तर खूप यायचे, कोणती ते मी विचारलंच नाही. ती गेली हे तोंडातून निघेना. म्हटलं, "बाहर गई है. मुझको बताइए."

"बता दीजिए ना फिर, पूरे स्कूल का क्या लेंगे?"

मी सवाल काढले. एकामागून एक, चाबी दिल्यासारखे. कधी पाहिजे? मजकूर कोण देईल? हो कोण म्हणेल? तो म्हणाला, "अरे वो सब हो जाएगा." मी पुढचा विचारला. आधी कोणी केलं होतं का?

तो गप्प झाला.

तिनं तिथं पेन्सिल टेकवून वाट पाहिली असती. मला माहीत होतं. पण ती चुप्पी माझ्याने सहन नाही झाली. महिनाभर घरात तेवढंच तर होतं. चुलीकडे गप्प, मोरीकडे गप्प, बाजेवर गप्प. आता कानाला लावलेल्या फोनमध्येही तेच. मला वाटलं, हा माणूस ठेवून देईल आणि मग पुन्हा कोणी बोलणार नाही.

म्हणून मी बोललो. त्याच्या सवालाचं उत्तर मीच दिलं, "किया होगा किसी ने, कोई बात नहीं." आणि भिंत न बघता रेट सांगून टाकला. एकच आकडा. तोही कमी.

"डन," तो म्हणाला. इतक्या लवकर 'डन' म्हणणारा माणूस तिनं कधी धरला नसता.

शाळेत गेलो तर भिंतींवर जुन्या अक्षरांचे डाग. दोन पेंटर अर्ध्यात सोडून गेलेले. चौकीदार हसला. म्हणाला, "तैं तीसरा हस, कका." तिसरा मीच.

मालक एक, पण हो म्हणणारे पाच. मालकाने निळी अक्षरं पास केली. त्याचा मोठा भाऊ आला, त्याला लाल पाहिजे. मालकीणबाईंना भिंतीवरची सुवचनं हिंदीत नको, इंग्रजीत पाहिजे. इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी पाहून काढतो. काढली. मग कोणी वास्तुवाले आले, ते म्हणाले दक्षिणेच्या भिंतीवर लाल चालत नाही. पुन्हा पांढरा मारा. मी म्हटलं, बदलाचे वेगळे होतील. मालक म्हणाला, "कहां लिखा है? दिखाओ."

कुठंच लिहिलं नव्हतं. लिहिणारी गेली होती.

तिसऱ्यांदा भिंत पुसताना शिडीवर माझा उजवा खांदा निखळला. पडलो नाही, एका हाताने उतरलो. हातातला ब्रश तिथंच डब्यात राहिला. मी माघारी गेलो नाही. चौथा कोणी आला असेल.

हात गळ्यात बांधून घरी बसलो तेव्हा तिची पानं काढली. एक जाड दोरा ओवून तिनं सगळी एकत्र बांधली होती. बोट ठेवून वाचली. बघायला कोणीच नव्हतं. खालून सहावं पान त्या शाळेचं होतं. तोच माणूस.

लिहिलं होतं, 'आधीचा पेंटर सोडून गेला. का, ते सांगत नाही. हो म्हणणारे पाच. घाई, पण तारीख नाही. रेट लगेच पाहिजे.' आणि खाली, जरा मोठ्या अक्षरात, मला वाचता यावं म्हणून असेल, 'चार मजले उंच. यांचा खांदा दुखते. नाही म्हटलं.'

खांदा दुखतो हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

तो हात आता कानाच्या वर जात नाही. अक्षराची उभी रेघ वरून खाली ओढावी लागते, ती ओढता येत नाही. तसाही आता मशीनवर छापलेला फ्लेक्स घंट्याभरात मिळतो. तरी जुने लोक अधूनमधून फोन करतात, दीदींना विचारतात. मी सांगतो, ती गेली. मग ते गप्प होतात, आणि मीही गप्प राहतो. आता जमते मला ते. पण विचारायला काही उरलं नाही.