शेवटच्या लालनंतरचा काळा

तुम्ही जो नियम मुकाट्याने पाळता, तो कोणी आणि कशासाठी केला, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा मोर्च्यांची पत्रकं जास्त यायची. वडील ती वाटायचे, मी घड्या घालायचे. त्यामुळे हा प्रश्न विचारायची खोड मला लहानपणीच लागली. स्नूकरच्या टेबलावर तो विचारावा लागेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

वर्तकनगर सोडून आम्ही कोपरला राहायला आलो आणि मी स्टेशनजवळच्या एका स्नूकर हॉलमध्ये खेळू लागले. बहुतेक एकटीच सराव करायचे. हॉलचे मालक, त्यांना सगळे काका म्हणायचे, इथलेच, पूर्वीचे शेतकरी. ठाण्यात हॉल-हॉलमधले सामने होणार होते. तिघांच्या संघात दोघं ठरले होते. तिसरी जागा मी आणि बँकेत काम करणारा एक दादा, यांच्यात एका फ्रेमवर, म्हणजे एका डावावर, ठरणार होती. पंच काकाच.

दादा सरस खेळला. त्याचे अठ्ठावन्न गुण झाले तेव्हा माझे चारच होते, तेही त्याच्या फाउलचे. मग मला सूर सापडला. लाल, काळा. एक लाल घातला की एक रंग घालायचा; लाल परत येत नाही, रंग येतो, म्हणून काका काळा पुन्हा त्याच्या जागेवर ठेवत. परत लाल, काळा. आणखी एकदा लाल, काळा. लालचा एक आणि काळ्याचे सात, तीनदा. एकाच पाळीत सलग चोवीस गुणांचा ब्रेक झाला. ब्रेक म्हणजे नुसतं भोकात घालणं नव्हे. हा चेंडू घालताना, ज्याने मारायचं तो पांढरा पुढच्या चेंडूसाठी कुठे थांबेल, ते आधी बघायचं असतं. तिथे माझा पांढरा चुकला. पुढची पाळी दादाने वाया घालवली.

मी अठ्ठावीस, तो अठ्ठावन्न. टेबलावर एकच लाल उरला होता आणि सहाही रंग. हिशोब सोपा होता. लाल आणि काळा मिळून आठ. मग उरतात बावीस. त्यानंतर पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा, काळा सात, या क्रमाने सत्तावीस. सगळे गेले तर पाचने जिंकते.

लाल गेला. काळा गेला, आणि पांढरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पिवळ्याजवळ जाऊन थांबला. इतकी चांगली जागा मला त्या दिवशी पहिल्यांदाच मिळाली होती. काकांनी भोकातून काळा काढला आणि स्कोअरबोर्डखालच्या फळीवर ठेवला.

"काका, काळा जागेवर ठेवा ना."

"लाल संपले की नाही ठेवत, पोरी. आपल्याकडं लाल संपले की दुकान आवरायला घ्यायचं."

"शेवटच्या लालनंतरचा रंगही परत येतो. तो गेला की मग पिवळ्यापासून क्रमाने."

"ते टीव्हीवर. त्यांना वेळ असतो. इथं बाहेर चार जण टेबलासाठी उभे राहतात, म्हणून मीच बंद केलं ते."

मी दाराकडे पाहिलं. "आज बाहेर कोणी नाहीये."

काकांनीही पाहिलं. "उद्या असतील."

दादा काठीला खडू लावत होता. "अगं, बावीसने मागे आहेस, टेबलावर वीस. झालं ना. चल, चहा घेऊ."

"सत्तावीस आहेत. सात फळीवर बसलेत."

मी मोबाइलवर नियम काढून दाखवला. काकांनी चष्मा वर करून शांतपणे वाचला. "बरोबर लिहिलंय," म्हणाले, आणि मोबाइल परत दिला. काळा फळीवरच. मला राग आला तो यामुळे. नियम माहीत नसता तर मी समजावलं असतं. माहीत असलेल्याला काय समजावणार? गर्दीच्या रविवारसाठी काढलेली पळवाट रिकाम्या मंगळवारी कायदा होऊन बसली होती.

"ठाण्यात काळा परत ठेवणार आहेत," मी दादाला म्हटलं. "तिथे काय करशील?"

"तिथलं तिथं बघू."

मी खेळले. पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी. एकही चुकला नाही. छप्पन्न. टेबलावर एकटा पांढरा उरला, त्याने मारायला काही नव्हतं.

"मस्त खेळलीस," काका मनापासून म्हणाले, आणि फळ्यावर दादाचं नाव लिहिलं. "दोनच कमी पडले."

दोन कमी पडले नाहीत. सात काढून घेतले होते. मी तसं म्हटलं, तर दादा म्हणाला, "तू ना, प्रत्येक गोष्टीचा मोर्चा करतेस."

तर तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्या हॉलमध्ये पुढची फ्रेम लावताना, लाल चेंडू रचायचा तिकोन उचलायच्या आधीच, सगळ्यांसमोर विचारा: शेवटच्या लालनंतर घातलेला रंग परत ठेवणार की नाही? तुम्ही जिंकत असाल तरी विचारा. आणि "आपल्याकडे नाही ठेवत" असं उत्तर आलं, तर तो ठेवायचं कबूल झाल्याशिवाय काठी हातात घेऊ नका.