शेवटच्या चौकटीतलं पॉ

दवाखान्यातली नर्स दारात आली आणि तिने पुकारलं, "नॉ?"

पाच बायका उठल्या. नर्सने कागदात पाहिलं, पुन्हा बायकांकडे पाहिलं. पाचहीजणींच्या अंगात विणलेले सदरे, पाचहीजणींच्या खांद्याला पिशव्या. मग एकमेकींकडे बघून त्या हसायला लागल्या. सेर मू पॉ मात्र हसली नाही. ती परत खाली बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि मनात म्हणाली, प्रभू, आठ वर्षं झाली, अजून किती दिवस मी नुसती 'बाई' म्हणून राहायचं?

कारण नॉ हे काही नाव नव्हे. ब्रह्मदेशातल्या कारेन लोकांत बाईच्या नावाआधी मानाने लावतात तो शब्द, पुरुषाला लावतात तसं सॉ. नाव पुढे येतं. सेर मू पॉ हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं. ते गावच्या चर्चचे पाळक होते. मुलगी झाली त्या रात्री त्यांनी प्रार्थना करून हे तीन शब्द जुळवले होते, आणि दोन पावसाळ्यांनी लष्कराने गाव जाळलं तेव्हा तिला पाठीशी बांधून ते सीमेवरची नदी उतरून थायलंडात आले होते. आडनाव म्हणाल तर ते कारेन माणसांत नसतंच. बापाचं वेगळं, आईचं वेगळं, पोरांचं वेगळं, प्रत्येकाला त्याचं त्याचं नाव. घर कुणाचं ते शेजाऱ्यांना माहीत असतं, कागदाला विचारावं लागत नाही.

थाई सीमेवरच्या छावणीत, बांबूच्या लांब खोपटात, मात्र कागदाने विचारलं. टेबलामागे परदेशी अधिकारी बसला होता. उन्हाने त्याचं नाक सोललं होतं, समोर फॉर्मचा ढीग. माणूस वाईट नव्हता. तिची लेक ए डो तेव्हा तेरा वर्षांची होती, तिला त्याने आपल्या डब्यातलं बिस्किट दिलं. दुभाषा त्यांच्यातलाच होता. अधिकाऱ्याने विचारलं, कुटुंबाचं नाव काय. दुभाषा म्हणाला, आमच्यात नसतं. अधिकारी म्हणाला, ही चौकट रिकामी गेली तर यंत्र फॉर्मच घेत नाही, पुढचं तपासणीचं काम अडेल, विमान अडेल. मग त्याने पेन उचललं आणि पहिल्या चौकटीत नॉ लिहिलं, शेवटच्या चौकटीत पॉ, आणि सेर मू मधल्या चौकटीत. जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती, पावसाळा चालू होता एवढंच आई सांगायची. तिथे त्याने एक जानेवारी टाकलं, सगळ्यांनाच टाकत होता तसं. नवरा लेर वा, तो सॉ लेर झाला आणि त्याचं कुटुंब 'वा'. ए डोचं कुटुंब 'डो'. एकाच खोपटातून तीन घराणी बाहेर पडली.

ऑस्ट्रेलियात आल्यावर पहिल्याच महिन्यात शाळेच्या बाईंनी जरा चाचरत विचारलं होतं, ए डो तुमची सख्खी मुलगी ना? आणि मधली चौकट कुणी वाचतच नसे. दवाखाना, बँक, टोमॅटोच्या काचघरातला मुकादम, सगळीकडे ती नॉ.

घरात आणि चर्चमध्ये तिला यातलं काहीच म्हणत नसत. तिथे ती ए डो-मो, म्हणजे ए डोची आई. पहिलं मूल झालं की आईबापाला त्याच्या नावानेच हाक मारायची ही रीत. लेर वाही ए डो-पा. सेर मू पॉ अशी हाक वडील गेल्यापासून तिने ऐकली नव्हती, आणि म्हणूनच तो शब्द निदान कागदावर तरी धड असावा असं तिला वाटे. वडिलांची तेवढीच एक वस्तू तिच्याजवळ उरली होती.

नागरिकत्वाच्या परीक्षेत ती पास झाली. वीसपैकी अठरा बरोबर. लेर वा आधीच्या वर्षी झाला होता, सोळांवर, त्यामुळे ती आठवडाभर त्याला अठरा-अठरा करत राहिली. शपथविधीला अजून तीनेक महिने होते. तेव्हा चर्चमधल्या डॉरीनने तिला बाजूला घेऊन समजावलं. डॉरीन सत्तरीची, निर्वासित कुटुंबांचे कागद भरून देणारी, आणि गेली आठ वर्षं तिला प्रेमाने नॉ म्हणणारी.

डॉरीन म्हणाली, नाव बदलायचं असेल तर शपथेच्या आधी बदल. त्या दिवशी जे नाव असेल तेच दाखल्यावर छापतात, नंतर बदलायचं म्हणजे दुप्पट दगदग. जन्ममृत्यूच्या नोंदणी कार्यालयात अर्ज करायचा. राज्यात वर्षभर राहिल्याचा पुरावा लागतो, ओळखीची कागदपत्रं लागतात, का बदलता ते लिहावं लागतं. मग बदलाचा दाखला येतो, तो घेऊन लायसन, बँक, औषधपाण्याचं कार्ड, आणि नागरिकत्वाच्या खात्याला कळवायचं.

"आणि काय लिहू कारण?" डॉरीनने विचारलं.

सेर मू पॉ म्हणाली, "लिहा, मला बाई म्हणतात. माझं नाव घ्या म्हणावं."

डॉरीनचं पेन थांबलं. आठ वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "अगं, मग आधी बोलायचं नाही का?"

"तुम्ही एवढ्या मायेने हाक मारायचात, कसं बोलणार?"

अर्ज भरला. नवीन नावात पहिल्या चौकटीत अख्खं सेर मू पॉ, आडनावाच्या चौकटीत रेघ. रेघ चालते का ते डॉरीन विचारून सांगणार होती. सही तेवढी राहिली होती. अर्ज तिने बायबलच्या कव्हरमध्ये ठेवला. घरी कुणाला सांगितलं नाही. लेर वाने थट्टा केली असती, आणि ए डोचे दिवस भरत आले होते.

ए डोला मुलगी झाली. गोरीगोमटी, काळ्याभोर जावळाची, आणि रडणं असं की वॉर्डातल्या इतर बाळांनी ऐकून गप्प व्हावं. चौथ्या दिवशी बाळबाळंतीण घरी आल्या. सेर मू पॉने हळद-आल्याचं कोंबडीचं पाणी केलं, पाटीत निखारे घेऊन बाळंतिणीला शेकलं. पाळक येऊन प्रार्थना करून गेले. लेर वा नातीला घेऊन खिडकीपाशी उभा होता आणि तिला सांगत होता, "तुझ्या आजीला अठरा मिळाले, पण गाडी चालवायला मलाच लावते."

संध्याकाळी ए डोने दवाखान्यातून दिलेला जन्मनोंदणीचा फॉर्म काढला. साठ दिवसांत भरायचा असतो. बाळाचं नाव ठरलं होतं, ब्लू से. आडनावाची चौकट मोकळी होती.

जावई कागदावर ज्या आडनावाचा होता ते त्याचं नव्हतंच. लहानपणी आईवेगळा छावणीत आला, मावशीच्या फाईलमध्ये तिचा मुलगा म्हणून नोंदला गेला, आणि मावशीच्या नवऱ्याच्या नावाचा शेवटचा तुकडा त्याला चिकटला. तो म्हणाला, ते माझ्या लेकीला नको.

"मग 'डो' घाल, तुझं," आई म्हणाली.

"माझं काय घालू, आई? डो म्हणजे नुसतं मोठं. माझं अर्धं नाव." ए डो बाळाच्या पायाशी खेळत होती. "पॉ घालते. आजोबांनी ठेवलेला शब्द आहे तो, प्रार्थना करून. आपल्या तिघांच्या कागदांत तेवढाच एक तुकडा असा आहे की कुणी का म्हणून विचारलं तर सांगता येईल. हिला शाळेत कुणी विचारायला नको, ही तुझी आजी ना म्हणून."

सेर मू पॉने पाटीतले निखारे उगाच चाळवले.

"तुझ्या कागदावर पॉ आहे, हिच्या कागदावर पॉ येईल," ए डो म्हणाली. "चालेल ना?"

सेर मू पॉच्या डोळ्यासमोर बायबलच्या कव्हरमधला कागद आला. त्यात शेवटच्या चौकटीत रेघ होती. तिथे सही केली तर नातीच्या नावाचं टोक हवेत लोंबकळणार होतं. तिला तो नाक सोललेला माणूस आठवला. चौकट रिकामी जाऊ नये म्हणून त्याने घाईघाईने जो शब्द कोंबला, तो शब्द इतकी वर्षं तिथे बसून कुणाची वाट बघत होता?

"आजोबांना आवडलं असतं," ती म्हणाली आणि पाणी गरम करायला उठली. त्या रात्री प्रार्थनेत तिने काही मागितलं नाही.

रविवारी उपासना संपल्यावर तिने अर्ज डॉरीनच्या हातात परत दिला. डॉरीनने न सही केलेल्या जागेकडे पाहिलं. "रेघेची भानगड असेल तर मी भांडते त्यांच्याशी."

"रेघेची नाही. शेवटची चौकट आता नातीची आहे."

डॉरीनने अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला आणि विचारलं, मग आता मी तुला काय म्हणू? त्यावर मागच्या बाकावरची एक म्हातारी ओरडून म्हणाली, "आता ती ब्लू से-फी झाली की." फी म्हणजे आजी. ए डो-मो ही हाक आता हळूहळू मागे पडणार होती. म्हणजे नाव तर आपल्यातही बदलतंच, सेर मू पॉला वाटलं. फक्त ते बदलणारं कुणीतरी आपलं असतं, आणि हातात पेन नसतं. डॉरीनने मात्र 'सेर मू' म्हणायचं ठरवलं. पहिल्या खेपेला तिच्या तोंडून ते असं काही आलं की लेर वाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

शपथविधी नगरपालिकेच्या सभागृहात होता. बाळासकट सगळे आले होते. सेर मू पॉने नवीन विणलेला लाल सदरा घातला. शपथ दोन तऱ्हांची असते, देवाचं नाव घेऊन किंवा न घेता. कोणती घेणार ते कुणाला विचारावंच लागू नये म्हणून तिचा हात आधीच बायबलवर होता. मग महापौर एकेकाचं नाव दाखल्यावरून वाचू लागल्या. सभागृहात तिला माहीत असलेल्या आणखी तीन नॉ होत्या. तिला वाटलं, चौघी उठणार, पुन्हा हसणार.

महापौर बाईंनी चष्मा सारखा केला, दाखला जरा लांब धरला आणि एकेक शब्द अलगद ठेवत वाचलं, "नॉ... सेर... मू... पॉ."

बाकीच्या तिघी बसूनच राहिल्या.

दाखल्यावर चौकटी नव्हत्या. एकच ओळ होती, आणि त्या ओळीत चारही शब्द तसेच, आधी मान आणि मग वडिलांनी जुळवलेले तीन. अधिकाऱ्याने वेगळे केलेले तुकडे त्याच क्रमाने परत एका रांगेत येऊन उभे होते. कुणी काही हरवलं नव्हतं. आठ वर्षं फक्त मधलं वाचलं गेलं नव्हतं.

ती पुढे गेली. महापौरांनी हातात दाखला दिला आणि एक छोटं झुडूप दिलं, कुंडीत लावायचं. उच्चार बरोबर होता का, असं त्यांनी कानाशी विचारलं. सू आणि सेर यांच्या मध्ये कुठेतरी पडला होता तो. सेर मू पॉ म्हणाली, "बरोबर होता."

खाली आल्यावर तिने दाखला नातीच्या दुपट्याशेजारी धरला. तिथे बाळाच्या फॉर्मची प्रत ए डोने मुद्दाम आणली होती. दोन्ही ओळी एकाच शब्दावर संपत होत्या. बाळाने त्याच वेळी हात झाडला आणि दाखल्याचा कोपरा मुठीत पकडला. लेर वा म्हणाला, "सोड गं, सरकारी कागद आहे."

"राहू दे," सेर मू पॉ म्हणाली. "तिचाच आहे."