सावळीरामचा फ्लॅट आणि माझी जामीनकी

जामीन राहू नये असं माझे वडील सांगायचे. मी त्यांचं कधीच काही ऐकलं नाही, मग हे तरी कशाला ऐकतोय? १९८४ साली सावळीराम पगारे घरकर्जाचा फॉर्म घेऊन कंपनीतल्या माझ्या स्टोअरमध्ये आला आणि मी नट-बोल्टची पावती फाडतो तितक्या सहज सही करून बसलो. दुसरी सही कॅन्टीनच्या केरूने केली. तो तर फॉर्म वाचायच्या भानगडीतही पडला नाही.

सावळीराम अंबडच्या आमच्या कंपनीत टर्नर. माणूस इतका सरळ की लेथवर लावून तपासला तरी वाकडेपणा सापडायचा नाही. डोळ्यापुढं धरलेल्या रॉडकडे बघून तो व्यास सांगायचा. पण माणसाचं माप त्याला कधी घेता आलं नाही, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

उंटवाडीला खंडेराव भामरे नावाच्या शेठने बारा फ्लॅटची इमारत काढली होती. शेठ मूळचा सटाण्याकडचा, धंदा कांद्याचा, आणि आता शहर वाढतंय म्हटल्यावर बिल्डर झालेला. फ्लॅट नव्वद हजाराचा. सावळीरामने फंडातून, बायकोच्या भिशीतून, सासऱ्याकडून असे तीस हजार जमवून आधी भरले. उरलेल्या साठ हजारांचं कर्ज शरणपूर रोडच्या एका कंपनीने मंजूर केलं. कंपनीचा नियम असा, की पैसे एकदम द्यायचे नाहीत. पाया झाला की इतके, स्लॅब पडला की इतके, असे थेट बिल्डरला द्यायचे. जितके दिले तितक्यावर दरमहा व्याज सावळीरामने भरायचं. मुद्दलाचा खरा हप्ता पुढं, ताबा मिळाल्यावर.

ताबा मिळणार होता पंच्याऐंशीच्या दिवाळीत. दिवाळी आली आणि गेली. तिन्ही स्लॅब पडले होते, पस्तीस हजार शेठच्या खिशात गेले होते, आणि इमारत नुसती खांबांवर उभी होती. सावळीराम दर महिन्याला तीनशे पासष्ट रुपये व्याज भरत होता आणि वर खोलीचं भाडं पावणेदोनशे. पगार पंधराशे. दोन पोरं. त्याच्या बायकोने, मालनवहिनींनी, दूध अर्ध्या लिटरवर आणलं होतं. शेठला विचारलं की एकच उत्तर: "काम चालू शे." आम्ही जाऊन बघायचो तर तिथं एक कुत्रा सावलीत झोपलेला असायचा.

शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये शेठ स्वतः सावळीरामला भेटला. म्हणाला, पुढचा दहा हजाराचा टप्पा विटकाम चालू झाल्यावर मिळतो, तो सोडवून दे, की झपाट्याने काम उरकतो. कर्ज कंपनीचा इंजिनियर शनिवारी बघायला येणार होता. पण मजूर लग्नसराईला गावी गेलेले. शेठ खेदाने म्हणाला की साहेबाला काम चालू दिसलं नाही तर पैसे अडकतील, आणि पैसे अडकले तर काम अडकेल.

आता इथं आमच्या खात्याची एक खोड सांगायला हवी. मुंबईहून मोठा साहेब येणार म्हटलं की आम्ही बंद मशीनसुद्धा चालू करून ठेवायचो. फरशी धुवायची, भिंतीला चुना मारायचा, रिकामा माणूस हातात फाइल घेऊन फिरायचा. वीस वर्षं आम्ही हेच शिकलो होतो. साहेब आला की काम दिसलं पाहिजे! त्यामुळे सावळीरामच्या डोक्यात जे आलं ते कुणालाच वेडेपणाचं वाटलं नाही. आणि मोठ्या तोंडाने सांगतो, मलाही नाही वाटलं.

शनिवारी आमची सुट्टी. सकाळी आठला आम्ही सातजण उंटवाडीला हजर. शेठने एक गवंडी आणि हजार विटा पाठवल्या होत्या. सावळीराम डोक्याला पंचा बांधून माल कालवायला लागला. केरू पाणी मारत होता. मालनवहिनी घमेलं डोक्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत-उतरत होत्या, आणि स्टोअरकीपर वाल्मीक घुगे, म्हणजे अस्मादिक, बनियनवर विटा पोचवत होते. दुपारी इंजिनियर आला. पोरगेलासा, चष्मेवाला. आम्हाला बघून म्हणाला, "छान, माणसं कामाला लागलीत." मला तर अभिमान वाटला हो! त्याने वहीत लिहिलं, विटकाम प्रगतीपथावर. प्रगतीपथावर म्हणजे आम्हीच होतो.

आठवड्यात दहा हजार शेठला मिळाले. सोमवारपासून गवंडी गायब. सावळीरामचं व्याज एकशे चार रुपयांनी वाढून चारशे एकोणसत्तरावर गेलं, आणि भिंत जिथं आम्ही सोडली होती तिथंच राहिली, माझ्या कमरेएवढी.

पैसे कुठं गेले ते केरूने शोधून काढलं. त्याचा मेहुणा देवळ्याचा. तो सांगत आला की शेठने सटाण्याला मोठी कांदाचाळ भरली आहे आणि दिवाळीपर्यंत भाव चढायची वाट बघतोय. म्हणजे आमच्या विटांचे कांदे झाले होते. त्या दिवसापासून सावळीराम पेपरात आधी कांद्याचा भाव बघायचा. तेव्हा उतरलेलाच असायचा. भाव उतरला की त्याचं तोंड उतरायचं.

जूनमध्ये सावळीराम माझ्याकडे आला आणि मान खाली घालून म्हणाला की आता व्याज भरणं बंद. घर देत नाहीत तर व्याज कसलं? मी म्हटलं, "लेका, तू नाही भरलंस तर नोटीस कुणाला येईल? केरूला आणि मला. माझ्या पगारातून कापतील!" तो म्हणाला, "वाल्मीकभाऊ, शाळा सुरू झाली. फी भरू का व्याज?" मी त्याला एक शिवी हासडली. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी त्याला शरणपूर रोडला ओढत नेलं.

तिथं कर्जाच्या टेबलावर खैरनार साहेब होते. बारीक आवाजाचे गृहस्थ. सावळीरामने सगळी कर्मकथा सांगितली, फक्त घमेल्याचा भाग सोडून. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की कर्ज तुमचं आणि आमचं आहे, बिल्डरच्या उशिराने ते थांबत नाही. हप्ता चुकला तर दंड लागेल आणि मग जामीनदाराला पत्र जाईल. मी खुर्चीत सरसावून बसलो.

मग त्यांनी वाटा सांगितल्या. मुद्दलाचे हप्ते आत्ताच सुरू केले तर कर्ज तरी उतरायला लागेल. ते जमण्यासारखं नव्हतं. बोनस वगैरे आला तर थोडं मुद्दल मधेच भरा, व्याज तितकं कमी होईल. बुकिंग रद्द करायचं तर तारीख उलटल्यामुळे कायद्याने शेठकडून नऊ टक्के व्याजासकट पैसे मागता येतात, पण ते आधी आमच्या कर्जात जातील. आणि तुम्ही आम्हाला देताय साडेबारा टक्के, म्हणजे तोटा तुमचाच. शिवाय शेठकडे पैसे पाहिजेत ना. "शेठकडे कांदे आहेत," सावळीराम म्हणाला.

साहेब पहिल्यांदा हसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचे पंधरा हजार अजून आमच्याकडे आहेत. प्लास्टर-फरशी पुरी झाल्यावर दहा, ताबा मिळाल्यावर पाच. तुमच्या संमतीशिवाय सोडू नका, असं लिहून द्या. काम खरंच पुरं झालं की मात्र अडवता येणार नाही." एवढं बोलून त्यांनी फाइल उघडली, पान बघितलं आणि विचारलं, "एप्रिलमध्ये विटकाम चालू होतं ना?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. सावळीराम मात्र सावळीरामच. त्याने खरं सांगून टाकलं. विटा आम्ही वाहिल्या, माझी बायको पण होती, साहेबाला काम दिसावं म्हणून. खैरनार साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "अहो, तुमच्यासाठीच तर आम्ही बघायला येतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं साहेब म्हणजे फसवायची वस्तू, एवढंच आम्हाला माहीत होतं.

पत्र तिथंच लिहिलं. नंतर मी संध्याकाळी सायकल काढून त्याच इमारतीत फ्लॅट घेतलेल्या आणि त्याच कंपनीचं कर्ज असलेल्या बाकीच्या सातजणांकडे गेलो. काही घाबरले, एकाने चहा न देता वाटेला लावलं, पण पंधरवड्यात आठही पत्रं गेली. व्याज सावळीराम भरतच राहिला. कसं, ते विचारू नका. मालनवहिनी शेजारच्या तानुबाईकडे पापड लाटायला जायच्या, सावळीराम ओव्हरटाइम करायचा, आणि दोन महिने मी भरलं. ते मी अजून बायकोला सांगितलेलं नाही. दिवाळीच्या बोनसमधले दोन हजार त्याने मुद्दलात टाकले आणि व्याज एकवीस रुपयांनी उतरलं, तर गडी पेढे घेऊन आला.

त्या वर्षी पाऊस शेठच्या कांदाचाळीत शिरला. निम्मे कांदे सडले. उरलेले शेठने पडेल भावात विकले आणि नोव्हेंबरात कर्ज कंपनीत गेला, तर आठ जणांचे पैसे अडकलेले. मग शेठ सावळीरामच्या खोलीवर आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मीही होतो तिथं. खाटेच्या कडेवर बसून शेठ गोड बोलायला लागला की एक सही दे, आठ दिवसांत प्लास्टर करतो. सावळीरामने माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे. वहिनींनी शेठपुढं चहा ठेवला आणि म्हणाल्या, "प्लास्टर झालं की दहा हजार लगेच. शेवटची सही मात्र हे आमच्या घरात बसून करतील. घर झाल्यावर." शेठने कायदा काढला, करार काढला. वहिनी म्हणाल्या, करारात तेच लिहिलंय. आणि ते खरंच होतं, कारण वहिनींनी करार सातवी पास पोरीकडून तीनदा वाचून घेतला होता.

सटाण्याची दोन एकर विकून शेठने काम केलं. शेठचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. प्लास्टर झालं, चष्मेवाला पुन्हा येऊन गेला, दहा हजार सुटले. सत्याऐंशीच्या मार्चमध्ये किल्ली मिळाली.

शेवटच्या पाच हजारांची सही करायला आम्ही फ्लॅटमध्ये जमिनीवर बसलो. सामान काही नव्हतं. शेठ दारात उभा. ही सही झाली की नुसतं व्याज भरणं संपून खरा हप्ता सुरू होणार होता, पंधरा वर्षांचा, महिना सातशेच्या वर. सावळीरामने कागद घेतला. वर पत्ता लिहायची जागा होती. आजवरच्या प्रत्येक पत्रावर त्याने घरमालकाचं नाव घालून "यांचे घरी" असं लिहिलं होतं. त्याचा बापही तसंच लिहायचा, आणि आजा तर लिहितच नव्हता. सावळीराम थांबला. मग त्याने लिहिलं, सावळीराम भिकन पगारे, फ्लॅट नंबर सहा.

शेठ म्हणाला, उरका लवकर, गाडी खोळंबलीय. मालनवहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "थांबा की शेठ. पंधरा वर्षं भरायचंय आम्हाला, यांना पत्ता तर नीट लिहू द्या."