गोलाचं प्रमाण आम्ही मोजलं

पृथ्वीगोल आला तेव्हा आठवीच्या वर्गात भूगोलाचा नव्हे, गणिताचा तास चालू होता. झरी जामणी तालुक्यातली आमची शाळा, सहावी ते आठवीचे तीन वर्ग आणि दोघंच शिक्षक, त्यामुळे गणितही माझ्याकडे आणि भूगोलही माझ्याकडे. खोका उघडला, थर्माकोलचे तुकडे वर्गभर उडाले आणि निळा चकचकीत गोल बाहेर आला. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना त्या वर्षी तसेच गोल मिळाले होते.

मुलांनी आधी भारत शोधला, मग महाराष्ट्र, मग यवतमाळ. यवतमाळ नव्हतंच. नागपूर होतं, एक ठिपका. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, आपण तं हाओतच नाही याच्यावर."

"आहोत. पण मावत नाही," मी म्हटलं. "का मावत नाही, ते आज काढू."

प्रशांत महासागरात, खाली दक्षिणेकडे, बारीक अक्षरांत छापलं होतं: प्रमाण १ : ४,२०,००,०००. मी मुलांना सांगितलं, हे आधी वाचायचं नाही. आपण गोलाचा व्यास मोजू, पृथ्वीचा खरा व्यास पुस्तकात आहे, भागाकार करू आणि मग शेवटी छापलेला आकडा ताडून पाहू. उत्तर जुळलं की मुलांना गंमत वाटते. मला तेवढंच हवं होतं.

पण गोलाचा व्यास मोजायचा कसा? पट्टी काही त्याच्या पोटातून घालता येत नाही. सगळे पट्टी वरून टेकवून पाहत होते. तेव्हा कोलाम पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, येणारी एक मुलगी पुढे आली. ती वर्गात फार बोलायची नाही. पण एखादी गोष्ट पटली नाही की मान खाली घालून तिथंच उभी राहायची, हलायची नाही. तिने गोल स्टँडवरून काढायला लावला, भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवला आणि दुसऱ्या बाजूने चपटा कंपासचा डबा उभा लावला. "आता भिंतीपासून डब्यालोक मोजा," ती म्हणाली.

वीस सेंटिमीटर.

खात्रीसाठी विषुववृत्तावरून शिवणाचा दोरा फिरवला. दोरा बासष्टच्या पुढे, त्रेसष्टच्या जरा अलीकडे भरला. तीन पूर्णांक चौदा शतांशाने भागलं, पुन्हा वीसच. मग मी फळ्यावर लिहिलं: पृथ्वीचा व्यास बारा हजार सातशे बेचाळीस किलोमीटर. एका किलोमीटरमध्ये एक लाख सेंटिमीटर. म्हणजे पृथ्वीचा व्यास १,२७,४२,००,००० सेंटिमीटर. भागिले वीस.

उत्तर आलं ६,३७,१०,०००. म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर आणि खऱ्या पृथ्वीवरचे सहाशे सदतीस किलोमीटर.

"आता वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. चार कोटी वीस लाख.

मग सवयीप्रमाणे सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि सवयीप्रमाणेच मी म्हटलं, "कुठेतरी शून्य चुकलं असेल. परत करा." शून्य चुकलं असतं तर उत्तर दहापट झालं असतं, दीडपट नाही. हे मला म्हणताक्षणीच कळलं, पण तोंडातून निघून गेलं होतं.

ती मुलगी फळ्याजवळच उभी होती. "मॅडम, आपलं काही नाही चुकलं. गोलाचं चुकलं असंल."

पोरं हसली. ती हसली नाही. "काहून? गोल काय देवानं बनवला? कोण्या माणसानंच छापला ना?"

मी खडू खाली ठेवला. माझे वडील यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होते आणि घरी आम्हा भावंडांना एकच शिस्त होती: पुस्तकात आहे म्हणून मान डोलवायची नाही, विचारायचं. आम्ही ज्या समाजातून आलो, तिथे न विचारता मान डोलवण्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजून झाली होती. आणि इथे एक मुलगी विचारत होती, आणि मी तिला शून्य मोजायला सांगत होते.

"ठीक आहे," मी म्हटलं. "चूक कोणाची, ते ठरवायचं कसं?"

पाठ्यपुस्तकात भारताची उत्तर-दक्षिण लांबी दिलेली आहे, तीन हजार दोनशे चौदा किलोमीटर. आम्ही गोलावर काश्मीरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत दोरा लावला. पाच सेंटिमीटर भरला, जेमतेम. आमच्या प्रमाणाने पाच गुणिले सहाशे सदतीस, तीन हजार एकशे पंच्याऐंशी. छापील प्रमाणाने पाच गुणिले चारशे वीस, एकवीसशे.

"एकवीसशेत तं भारत अर्धवटच राह्यते," मागून आवाज आला.

मग उलटा हिशेब केला. छापलेलं प्रमाण खरं असेल, तर गोलाचा व्यास किती हवा? १,२७,४२,००,००० भागिले ४,२०,००,०००. तीस सेंटिमीटरहून थोडा जास्त. तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं. नकाशा मोठ्या गोलाचा होता. तोच लहान करून लहान गोलावर चिकटवला होता. देश, समुद्र, नद्या सगळं आकसलं, पण आकडा होता तसाच राहिला. आकडा आकसत नाही, तो नव्याने काढावा लागतो.

त्या मुलीने पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, सुंदर अक्षरात लिहिलं, "प्रमाण १ : ६,३७,१०,०००, आम्ही मोजले", आणि छापील आकड्यावर डिंकाने चिकटवली. मी अडवलं नाही.

थोड्या दिवसांनी विस्तार अधिकारी तपासणीला आले. माणूस वाईट नव्हता. पोषण आहाराची डाळ चाखली, शौचालयाचं दार लावून पाहिलं, मग आठवीत येऊन बसले. टेबलावरचा गोल फिरवला आणि विचारलं, "याचं प्रमाण किती?"

ती उभी राहिली. "एकास सहा कोटी सदतीस लाख दहा हजार."

त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं, पट्टी दिसली. नखाने तिचं टोक उचललं. "खाली वेगळंच छापलेलं आहे. वाचता येत नाही का?"

"वाचता येते, सर," ती म्हणाली. "मोजताबी येते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे तुम्ही शिकवलं?"

"मोजायला मी शिकवलं. चूक त्यांनी शोधली."

"चूक कशी असेल? शासनाचा पुरवठा आहे. तज्ज्ञ तपासतात. उद्या परीक्षेत हा प्रश्न आला आणि पोरांनी हे लिहिलं तर मार्क कोण देणार?"

"सर, एकदा दोरा लावून पाहता का? दोन मिनिटांचं काम आहे."

"मला आणखी तीन शाळा करायच्या आहेत." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "ती पट्टी काढा. सरकारी वस्तू आहे. आणि प्रदर्शनात हे असलं काही आणू नका."

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. आमच्या मुलांनी कचऱ्यापासून खताचा नमुना करायचा असं आधी ठरलं होतं. साहेबांची जीप फाटकाबाहेर पडली तशी ती मुलगी माझ्यापाशी आली.

"मॅडम, आपण गोलच नेऊ."

"साहेब नाही म्हणाले, ऐकलंस ना?"

"त्यायनं मोजलं कुठं?" ती म्हणाली. "न मोजता नाही म्हणते, तं आपण कायले ऐकाचं?"

मी रात्रभर विचार वगैरे काही केला नाही. तिथल्या तिथे म्हटलं, "ने."

प्रदर्शनात आमचं टेबल कोपऱ्यात होतं. गोल, दोरा, पट्टी, कंपासचा डबा आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात: "तुमच्या शाळेतला गोल मोजा." आधी कोणी फिरकलं नाही. शेजारी ज्वालामुखीतून लाल फेस येत होता, गर्दी तिकडे. मग ती टेबलामागून निघाली आणि सरळ दुसऱ्या शाळांच्या मुलांकडे गेली. "तुमच्याकडं बी निळा गोल आला ना? त्याच्यावर किती लिहेल हाये?" दोन टेबलं सोडून एका शाळेने सौरमालेच्या नमुन्यासाठी नेमका तोच गोल आणला होता. तिने तो मागितला. मुलं देईनात. तिथले गुरुजी कुतूहलाने म्हणाले, "द्या रे." भिंत, डबा, पट्टी. वीस सेंटिमीटर. त्यांनीच भागाकार केला आणि गुरुजी कपाळाला हात लावून हसत सुटले.

त्यानंतर गर्दी झाली. मुली दोरा लावत होत्या, मुलं भागाकारात चुकत होती आणि एकमेकांना दुरुस्त करत होती. त्याच गर्दीत विस्तार अधिकारी परीक्षकांना घेऊन आले.

"मी नाही म्हटलं होतं ना?" ते मला हळूच म्हणाले.

मी काही बोलायच्या आत तिने दोरा त्यांच्यापुढे धरला. "सर, तुम्हीच मोजा. चुकलं असंल तं मी सगळ्यायसमोर पट्टी काढतो."

आमच्याकडे मुलीही "काढतो" म्हणतात. कोणी हसलं नाही. साहेबांनी दोऱ्याकडे पाहिलं, भोवतीच्या मुलांकडे पाहिलं. घड्याळात पाहिलं. आणि पुढच्या टेबलाकडे गेले. ती हात तसाच पुढे धरून उभी होती, ते ज्वालामुखीपाशी पोचेपर्यंत.

बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. मला खुलासा मागितला गेला: वरिष्ठांच्या सूचनेविरुद्ध प्रतिकृती का मांडली आणि सरकारी साहित्यावर कागद का चिकटवला. माझे सहकारी म्हणाले, "माफी लिहून टाका, विषय संपते." मी माफी लिहिली नाही. अर्धं पान घेतलं, त्यावर गोलाचा व्यास, पृथ्वीचा व्यास, भागाकार आणि उत्तर लिहिलं. खाली लिहिलं की यात चूक असल्यास कृपया दाखवून द्यावी, कागद त्याच दिवशी काढण्यात येईल. खाली सही केली.

चूक दाखवणारं उत्तर आलं नाही. माझी बदलीही झाली नाही, जिची सगळ्यांनी मला भीती घातली होती. पुढच्या तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी सातवीची कविता ऐकली, आठवीत आले, गोलाकडे पाहिलं आणि प्रमाणाबद्दल काही विचारलं नाही. पट्टी काढा असंही म्हणाले नाहीत. ती मुलगी पहिल्या बाकावर ताठ बसली होती. विचारलं असतं तर ती काय सांगणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.